मदत हवी आहे: वर्षाच्या मध्यात शाळा बदलली, दोन प्रगतिपुस्तकांची मिळून एक टक्केवारी कशी काढायची?

रेवा

नमस्कार. माझ्या लेकीने पहिलं सत्र एका शाळेत केलं, सत्र परीक्षा दिली आणि दुसऱ्या सत्राला नव्या शाळेत गेली. आता एका प्रवेश अर्जात 'मागील इयत्तेची वार्षिक टक्केवारी' असा एकच रकाना आहे आणि माझ्यासमोर दोन प्रगतिपुस्तकं आहेत.

जुन्या शाळेत प्रत्येक विषय ५० गुणांचा होता: मराठी ४२, इंग्रजी ४०, गणित ३६, विज्ञान ३९, सामाजिक शास्त्र ४१, चित्रकला ४८. एकूण ३०० पैकी २४६, म्हणजे ८२ टक्के.

नव्या शाळेत प्रत्येक विषय १०० गुणांचा: मराठी ७०, इंग्रजी ६९, गणित ५८, विज्ञान ६६, सामाजिक शास्त्र ७२, संगणक ७३. एकूण ६०० पैकी ४०८, म्हणजे ६८ टक्के. इथे चित्रकलेला फक्त श्रेणी देतात, आणि जुन्या शाळेत संगणक हा विषयच नव्हता.

मी ८२ आणि ६८ ची सरासरी काढली, ती ७५ आली. नव्या शाळेने दिलेल्या वार्षिक निकालाच्या कच्च्या प्रतीत मात्र ६७.२० छापलंय. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "संगणकावरच्या तक्त्यातून आलंय, बरोबरच असणार." दोन आकड्यांत जवळपास आठ टक्क्यांचा फरक कसा पडतो, तेच मला उमगत नाहीये. पक्की प्रत निघायला चार दिवस आहेत. कुणी समजावून सांगेल का?

तिरपी_रेघ

टक्केवाऱ्यांची सरासरी कधीच काढायची नसते, सगळी गडबड तिथेच आहे. मिळालेले गुण एकत्र करा, एकूण गुण एकत्र करा आणि भागा. २४६ अधिक ४०८ म्हणजे ६५४. ३०० अधिक ६०० म्हणजे ९००. उत्तर ७२.६७. शाळेचा ६७.२० कुठून आला ते शाळेलाच विचारा, तुमचं उत्तर हे.

चौकट

अर्जात ७५ ची अट आहे का? असेल तर तुमची सरासरी नेमकी ७५ येतेय, तीच लिहा की. दोन्ही प्रगतिपुस्तकं जोडा म्हणजे झालं.

रेवा

@चौकट, अट अशी काही नाही. आणि आकडा निकालपत्रकाशी जुळला नाही तर पडताळणीत लेकीचाच अर्ज अडकेल, म्हणून मला वाढीव नको, खरा हवाय.

@तिरपी_रेघ, आभारी आहे. आता तीन उत्तरं झाली, ७५, ७२.६७ आणि ६७.२०. आणखी एक सांगायचं राहिलं. नव्या शाळेच्या प्रगतिपुस्तकामागे छापलंय की वार्षिक निकालात पहिल्या सत्राचा भारांश ४० टक्के आणि दुसऱ्याचा ६० टक्के. त्याने काही फरक पडतो का?

जुना_परीक्षाप्रमुख

रेवाताई, सगळा फरक त्यानेच पडतो. मी बरीच वर्षं शाळेत परीक्षा विभाग सांभाळला, मध्येच आलेल्या मुलांचे निकाल हातानेच जुळवायचो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिरपी_रेघ यांची रीत चुकीची नाही, पण ती एका गृहीतकावर उभी आहे. गुणांची सरळ बेरीज केली की ३०० गुणांच्या सत्राला एक वाटा आणि ६०० गुणांच्या सत्राला दोन वाटे आपोआप मिळतात. हे प्रमाण कुणी ठरवलं? कुणीच नाही. जुन्या शाळेने पेपर ५० ऐवजी १०० गुणांचे काढले असते, तर तुमच्या मुलीची तीच तयारी ६०० पैकी ४९२ दिसली असती आणि बेरजेची रीतही ७५ वर आली असती. जुनी शाळा पेपर किती गुणांचा काढते यावर वर्षाचा निकाल ठरू नये. सत्रांचं प्रमाण ठरवायचा अधिकार वार्षिक निकाल देणाऱ्या शाळेचा, आणि तिने ते ४० आणि ६० असं छापून ठेवलंय. सरळ सरासरीत ५०-५० धरलं जातं, तेही इथे लागू नाही.

दुसरी गोष्ट, हा हिशोब एकूण टक्क्यांवर करू नका. ८२ चे ४० टक्के आणि ६८ चे ६० टक्के मिळवले तर ७३.६ येतात, पण त्या ८२ मध्ये चित्रकलेचे ४८ आहेत. नव्या शाळेत चित्रकला टक्केवारीत धरतच नाहीत. चित्रकला काढली तर पहिलं सत्र २५० पैकी १९८ होतं, म्हणजे ७९.२. जवळपास तीन टक्के एका विषयाने वर उचलले होते. म्हणून आधी प्रत्येक विषयाचं वर्ष पुरं करायचं, मग विषयांची बेरीज.

मराठीचं बघा. ५० पैकी ४२ म्हणजे ८४ टक्के, त्याचे ४० टक्के ३३.६. दुसऱ्या सत्रातल्या ७० चे ६० टक्के ४२. मराठीचं वर्ष ७५.६. याच पद्धतीने इंग्रजी ७३.४, गणित ६३.६, विज्ञान ७०.८ आणि सामाजिक शास्त्र ७६. पाच विषयांची बेरीज ३५९.४.

राहिला संगणक. त्याचं पहिलं सत्र झालंच नाही, म्हणून त्याचं वर्ष दुसऱ्या सत्रातल्या ७३ वरच धरायचं. एकूण ६०० पैकी ४३२.४, म्हणजे ७२.०७ टक्के.

आता शाळेचा ६७.२० कसा आला ते. माझा अंदाज आहे की संगणकाच्या पहिल्या सत्राच्या जागी तक्त्यात शून्य पडलंय. शून्य धरलं तर संगणकाचं वर्ष ७३ चे ६० टक्के, म्हणजे ४३.८ होतं. ३५९.४ अधिक ४३.८ म्हणजे ४०३.२, आणि ६०० ने भागल्यावर बरोबर ६७.२०. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

खरं तर ही चूक नुसत्या नजरेनेही पकडता येते. मुलीला एका सत्रात ८२ आणि दुसऱ्यात ६८ आहेत आणि वर्षाचा आकडा दोन्हींच्या खाली गेलाय. असं दिसलं की कुठेतरी 'परीक्षा नव्हती' याचा अर्थ 'शून्य मिळाले' असा लागलाय का, हे आधी तपासायचं.

रेवा

सर, मी वाचता वाचता वहीत उतरवत गेले आणि ६७.२० जसाच्या तसा निघाला! कच्च्या प्रतीत संगणकापुढे ४३.८ च छापलंय. मी ते दुसऱ्या सत्राचे काहीतरी अंतर्गत गुण समजत होते. उद्याच शाळेत जाते.

तिथे तक्त्यात नेमकं काय बदलायला सांगू?

जुना_परीक्षाप्रमुख

शाळेचा तक्ता कसा आहे ते मला दिसत नाही, पण साधारण असा असतो: B मध्ये पहिल्या सत्राचे गुण, C मध्ये ते कितीपैकी, D आणि E मध्ये तेच दुसऱ्या सत्राचं. सूत्र असं ठेवायला सांगा:

```
=IF(C2="", D2/E2*100, (B2/C2*0.4 + D2/E2*0.6)*100)
```

पहिल्या सत्रात विषय नसेल तर C ची चौकट रिकामी ठेवायची. तिथे १०० लिहून B मध्ये शून्य टाकलं की पुन्हा तेच होणार. आणि जुन्या शाळेचे गुण ५० पैकीच भरायचे. कुणी ४२ हे १०० पैकी समजून भरले तर मराठीचं वर्ष ५८.८ वर येईल. मध्येच आलेल्या मुलांच्या बाबतीत ही चूकही मी बऱ्याचदा पाहिली आहे, कारण इतर सगळ्या मुलांना त्या रकान्यात १०० असतात.

सोनसळी

माझ्या भाच्याचं असंच झालं होतं, फक्त त्याच्या जुन्या शाळेने गुणच दिले नव्हते, नुसत्या श्रेण्या होत्या. आम्ही प्रत्येक श्रेणीचा मधला आकडा धरला, ८१ ते ९० असेल तर ८५.५. नव्या शाळेने तो चालवून घेतला. रेवाताई, तुम्हालाही चित्रकलेच्या श्रेणीचे असे गुण करून दोन्ही सत्रांत धरता येतील, मग ते ४८ वाया जाणार नाहीत.

जुना_परीक्षाप्रमुख

सोनसळी, दुसरा काही मार्गच नसेल तर मधला आकडा ठीक आहे. पण ८१ ते ९० मध्ये खरा गुण साडेचारने वर किंवा खाली असू शकतो, आणि ४० टक्के भारांश असला तरी त्या विषयाच्या वर्षात १.८ चा फरक पडतो. सगळ्या विषयांत तो एकाच बाजूला पडला तर एकूण टक्केवारीही तितकीच हलते. त्यापेक्षा जुन्या शाळेला लेखी अर्ज करून मूळ गुण मागावेत. प्रगतिपुस्तकावर श्रेणी असली तरी गुणनोंदवहीत बहुधा गुण असतात.

चित्रकलेचं मात्र तसं करू नये असं माझं मत आहे. नवी शाळा तो विषय कोणाच्याच टक्केवारीत धरत नाही, मग एकाच मुलीच्या धरणं बरोबर नाही. ४८ गुण जुन्या प्रगतिपुस्तकावर आहेतच, ते कुठे जात नाहीत.

तिरपी_रेघ

भारांश छापलेला असेल तर माझी रीत लागू नाही, मान्य. पण सर, संगणकाचं मला पटत नाही. बाकी विषयांना दोन परीक्षा आणि त्याला एकच, तरी वजन सारखंच? तो विषय टक्केवारीतून पूर्ण वगळला तर ५०० पैकी ३५९.४, म्हणजे ७१.८८. मला तो आकडा जास्त निर्दोष वाटतो.

जुना_परीक्षाप्रमुख

तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी विषय ठेवत असे, कारण मूल ती परीक्षा देऊन पास झालेलं असतं आणि वर्गातल्या बाकीच्यांचा निकाल सहा विषयांवर असतो. पण वगळणारे सहकारीही होते आणि त्यांना चूक म्हणायला माझ्याकडे आधार नाही. हे मुख्याध्यापकांनी ठरवायचं आणि निकालपत्रकाच्या शेरा रकान्यात लिहायचं.

एक मर्यादा या दोन्ही आकड्यांना आहे. दोन शाळांचे पेपर सारखे कठीण नसतात. पाच समान विषयांत ७९.२ वरून ६७ वर येणं म्हणजे मुलगी मागे पडली की पेपर कडक होता, हे या हिशोबातून कळणार नाही आणि कोणत्याही सूत्राने ते सुधारताही येणार नाही.

रेवा

शाळेत जाऊन आले. वर्गशिक्षिकांनी तक्ता उघडून दाखवला. संगणकाच्या ओळीत पहिल्या सत्रात १०० पैकी ० होतं. मध्येच आलेली आणखी दोन मुलं आहेत, त्यांच्याही ओळी त्यांनी लगेच तपासल्या. एकाच्या बाबतीत ५० पैकीचे गुण १०० पैकी म्हणून भरलेले निघाले.

संगणक ठेवायचा की वगळायचा हे मुख्याध्यापिका परवा सांगणार आहेत, म्हणजे आकडा ७२.०७ किंवा ७१.८८ असेल. जो ठरेल तो कसा काढला याचं शाळेच्या शिक्क्याचं पत्र त्या देणार आहेत, ते दोन्ही प्रगतिपुस्तकांसोबत अर्जाला जोडेन.

एकच विचारायचं राहिलं. अर्जाच्या रकान्यात दशांश चिन्ह टाकताच येत नाही, फक्त पूर्ण अंक घेतो. दोन्ही आकडे पूर्णांकात ७२ च होतात ना?

जुना_परीक्षाप्रमुख

हो, जवळचा पूर्णांक घेतला तर दोन्हींचा ७२ च. पण अर्जाच्या सूचनांत 'दशांश सोडून द्यावा' असं असेल तर ७१.८८ चे ७१ होतील. सूचना वाचूनच भरा.

रेवा

सूचनांत त्याबद्दल एक ओळही नाही. अर्जावरच्या मदत क्रमांकावर विचारते आणि कळलं की इथे लिहिते.