मदत हवी आहे: रेफरन्स मागायचा मेसेज कसा लिहू?

नमस्कार मंडळी. मी वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात भरती बघते. क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी जालन्याचा एक मुलगा निवडलाय. शेवटची मुलाखत गुरुवारी आहे. आता त्याच्याकडून दोन रेफरन्स हवेत.

अडचण अशी, की तो सध्या शेजारच्याच कंपनीत आहे आणि तिथं त्यानं काही सांगितलेलं नाही. वाळूजमध्ये चहाच्या टपरीवर बातमी फुटते, तुम्हाला माहितीच आहे. मागच्या वर्षी आमच्या एकानं उत्साहात उमेदवाराच्या चालू साहेबालाच फोन लावला. आमची ऑफर निघाली नाही, आणि तिकडं त्या पोराची पगारवाढ अडकली. म्हणून यंदा फोन मुलाखतीनंतर, ऑफर लेटरच्या आधी, आणि तेही फक्त जुन्या साहेबांना.

मेसेज असा लिहिलाय:

"नमस्कार. तुमच्या कामाची थेट माहिती असलेल्या, आधीच्या नोकरीतल्या दोघांची नावं, हुद्दे आणि नंबर पाठवाल का? आधी त्यांना विचारा. ते हो म्हणाले तरच नंबर द्या. गुरुवारची मुलाखत झाल्यावर, तुम्हाला कळवूनच आम्ही फोन करू. कामाचा काळ, जबाबदारी आणि कामाची पद्धत एवढंच विचारू. सध्याच्या कंपनीत तुमच्या लेखी परवानगीशिवाय फोन जाणार नाही."

दोन शंका आहेत. त्याची ही दुसरीच नोकरी, त्यामुळं जुना साहेब एकच. दुसरा म्हणून पॉलिटेक्निकचे प्रोजेक्ट गाईड चालतील का? आणि "ते हो म्हणाले" हे त्याच्या शब्दावर धरू, की फोनआधी मीच त्यांना मेसेज टाकून विचारू?