प्रतिसाद: वरचा १७०, खालचा ७४

> आईचं वय ७२. बीपी १७०/७४. खालचा आकडा नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?

खालचा आकडा नॉर्मल दिसतो तो महाधमनी ताठर झाल्यामुळे. लवचिक महाधमनी हृदयाच्या ठोक्यासरशी फुगते आणि दोन ठोक्यांच्या मधे आकसून दाब टिकवते. वयानुसार ती ताठरली की ठोक्याचा दाब थेट वर चढतो आणि मधल्या काळात झपाट्याने उतरतो. म्हणून इथे ९६ चं अंतर पडलंय. साधारणपणे ते ४० च्या आसपास असतं. तो प्रत्येक धक्का मेंदूच्या आणि मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्या सोसतात.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'शेप' चाचणीत नेमके असेच, साठीपुढचे रुग्ण होते. क्लोरथॅलिडोन या लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळीची १२.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात केली आणि पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं.

आधी घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून खात्री करा. गोळी सुरू झाल्यावर उभं राहून एक आणि तीन मिनिटांनीही मोजा. वरचा आकडा २० ने उतरला किंवा चक्कर आली, तर डॉक्टरांना लगेच सांगा, कारण या वयात पडून खुबा मोडतो. क्लोरथॅलिडोन असेल तर काही आठवड्यांत सोडियम-पोटॅशियम तपासायलाच हवं. खालचा आकडा ६० खाली जाऊ लागला, विशेषतः हृदयविकार असेल, तर डोस वाढवताना डॉक्टर सावकाश जातात.