फ्लॅटमधे ड्रम शिकायचे तर काय घ्यावं: खरा सेट, इलेक्ट्रॉनिक की नुसता पॅड?

तिसरा_मजला: मुलगा ११ वर्षांचा, ड्रम्सचा क्लास लावलाय. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, खाली आजी-आजोबा राहतात. खरा सेट, इलेक्ट्रॉनिक किट की प्रॅक्टिस पॅड? बजेट चाळीसेक हजार.

बंटी_ठाणे: इलेक्ट्रॉनिक घ्या, हेडफोन लावला की विषय संपला, कुणाला काही ऐकू जाणार नाही.

ठेकेदार: बंटी, अर्धंच बरोबर. हेडफोनमुळे आवाज वाजवणाऱ्याच्या कानात जातो, पण किकचं, म्हणजे पायाने वाजवायच्या ड्रमचं पेडल दाबलं की त्याची हातोडी, बीटर, पॅडवर आपटतो आणि तो धक्का स्टँडमधून लादीत, लादीतून स्लॅबमधे उतरतो. खालच्या घरात छतावर कुणीतरी टाचा आपटतंय असं वाटतं. गालिचा टाकून फार फरक पडत नाही, तो वरची खटखट कमी करतो, धप् तशीच खाली जाते. उपाय म्हणजे प्लायचे दोन जाड तुकडे घेऊन मधे टेनिस बॉल ठेवायचे, बॉल सरकू नयेत म्हणून दोन्ही प्लायना बॉलपेक्षा लहान भोकं पाडायची, आणि वजन पडल्यावरही दोन्ही प्लाय एकमेकांना टेकता कामा नयेत, भिंतीलाही लागू देऊ नका. मग सगळं किट त्यावर. आणि रबरापेक्षा जाळीचे पॅड असलेलं घ्या, काड्यांची टकटक बरीच कमी होते.

सुलभा_ताई: आमच्याकडे भाचा ढोलताशा पथकात आहे, तो उशीवर टिपरू मारत बसतो, एवढा खर्च कशाला?

ठेकेदार: ताई, उशीवर काडी उसळत नाही, मनगटाला जोर येईल पण डबल स्ट्रोक, म्हणजे एकाच हाताचे लागोपाठ दोन ठोके, बसणार नाही, त्याला उसळी लागते. मी तर म्हणतो आधी पॅड आणि लय धरून टिकटिक करणारा मेट्रोनोमच घ्या. मिनिटाला ६० च्या लयीत सिंगल, डबल आणि दोन्ही मिसळून होणारा पॅराडिडल हे हातांचे धडे स्वच्छ यायला लागले की मग किट.

झांज_प्रेमी: इथे माझं पटत नाही. ११ वर्षांचं पोर महिनाभर रबरावर टकटक करून कंटाळेल आणि क्लासच सोडेल! शिवाय पॅडवर पाय कुठे चालतात? हात उजवा-डावा शिकतो, किक आणि हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप करायची झांजांची जोडी, जोडायची वेळ आली की सगळं गडबडतं. मी तर खऱ्या सेटवर जाळीचे हेड आणि भोकं पाडलेल्या झांजा लावल्यात, हाताला फील खरा मिळतो.

ठेकेदार: पायांचं मान्य. पण त्या झांजाही बंद दारातून ऐकू येतात, आणि सेट, हेड, झांजा मिळून चाळीस हजारांत बसवून दाखवा.

तिसरा_मजला: प्लायचं लक्षात आलं. पण आवाज जातोय की नाही हे कळणार कसं?

ठेकेदार: आजींना विचारून संध्याकाळी खाली जाऊन बसा, वर मुलाला नुसती किक मारू द्या. टीव्ही बंद ठेवा. धप् ऐकू आली तर आधी बॉल बघा, कमी पडले की दबतात आणि प्लाय टेकतात.

झांज_प्रेमी: आणि घ्यायच्या आधी दुकानात मुलाला बसवा. हाय-हॅटचं पेडल अर्धवट दाबल्यावर अर्धा आवाज येतो का बघा, काही स्वस्त किटमधे नुसतं उघडं नाहीतर बंद एवढंच असतं.

बंटी_ठाणे: एवढी सुतारकी करण्यापेक्षा तळमजल्यावर घर घ्या 😄