एडवर्ड्सचं एन्फिल्डचं प्रवचन: ‘तुम्ही’ मोजून प्रभाव सिद्ध होतो का?

सायली_वाचते: धर्म आणि संज्ञापन या विषयावरच्या पेपरसाठी अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्स या पाद्र्यानं ८ जुलै १७४१ ला एन्फिल्ड गावी केलेलं प्रवचन घेतलंय. पूर्वार्धात ‘दुष्ट माणसं’, ‘ते’ आणि उत्तरार्धात ‘तुम्ही’. या वळणानंच श्रोते हादरले असं मला मांडायचंय. सर्वनामांच्या मोजणीवर हे उभं राहील का? मार्गदर्शक अपुरं म्हणतात. विरोधी मतंही हवीत.

आकडेमोड: राहील, आणि चांगलं राहील. वचन आहे बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं ३२:३५, ‘त्यांचा पाय घसरेल’. वचनातच ‘त्यांचा’ आहे. मग एक सिद्धान्त, त्याखाली दहा मुद्दे, सगळे तृतीय पुरुषात. त्यानंतर सिद्धान्त श्रोत्यांना लागू करून दाखवणारं ‘उपयोजन’ सुरू होतं आणि तिथून ‘तुम्ही’चा पूर येतो. दोन भाग वेगळ्या फाइलींत ठेवा, दर हजार शब्दांमागे ‘मी’, ‘आपण’, ‘तुम्ही’, ‘ते’ किती ते काढा. फरक इतका मोठा आहे की वाद घालायला जागाच नाही. शिवाय ‘मी’ शोधलात तर प्रवचनकार किती वेळा स्वतःकडे बोट दाखवतो तेही कळेल. असा गरजणारा वक्ता स्वतःच्या अधिकारावर बोलत असणारच.

मोडीवाला: आकडेमोड, फरक आहे हे खरं, पण तुमच्या ‘मी’च्या मोजणीतच गडबड होईल. एडवर्ड्स स्वतःसाठी ‘मी’ म्हणतो ते मुख्यतः सुरुवातीला: हे वचन मी निवडलं, यातून हा मुद्दा मी पुढे ठेवतो, एवढंच. त्यानंतरचे ‘मी’ बहुतेक दुसऱ्यांच्या तोंडचे आहेत. दहा मुद्द्यांपैकी नवव्यात तो नरकात पोचलेल्या माणसाला बोलायला लावतो: मी इथे यायचं कधी ठरवलंच नव्हतं, माझे बेत वेगळे होते, मरणानं मला गाठलं. तो ‘मी’ श्रोत्याचा उद्याचा आवाज आहे. पुढे उपयोजनात यशया ६३:३ चं अवतरण येतं, तिथला ‘मी’ देवाचा, रागाने तुडवणाऱ्याचा. सॉफ्टवेअर तिघांना एकाच रकान्यात टाकेल आणि तुम्ही लिहाल की प्रवचनकार स्वतःबद्दल खूप बोलतो. प्रत्यक्षात तो जवळजवळ अदृश्य होतो. बोलतात ते देव आणि मेलेला माणूस, आणि प्रभावाचा एक मोठा भाग इथेच आहे.

म्हणून मोजण्याआधी प्रत्येक सर्वनामाला दोन खुणा द्या: हे कोण बोलतंय आणि कोणाला उद्देशून. अवतरणातली सर्वनामं वेगळी ठेवा. ‘गरजणारा’ हेही काढून टाका. एडवर्ड्सचा आवाज मोठा नव्हता आणि तो हातवारे फारसे करत नसे, अशी त्याला ओळखणाऱ्यांचीच साक्ष आहे.

सायली, तुमचं खरं काम ‘तुम्ही’च्या आत आहे. उपयोजनाच्या पहिल्याच वाक्यांत तो या शब्दाला कुंपण घालतो: तुमच्यापैकी जे ख्रिस्ताबाहेर आहेत ते सगळे. कुंपणाआत कोण, हे श्रोत्यानं स्वतः ठरवायचं. मग तो बाहेर पडायच्या वाटा एकेक करून बुजवतो. तुम्ही वागणूक सुधारली असेल, भक्तीच्या भावना अनुभवल्या असतील, घरात आणि देवळात धर्माचे सगळे रिवाज पाळत असाल, तरी अंतःकरण बदललं नसेल तर तुम्ही त्यातच. आगीवर धरलेल्या, कोळिष्टकातल्या कोळ्याची प्रतिमा येते ती हे झाल्यावर. श्रोता सुटायला जागा शोधत असतानाच ती त्याला गाठते. नुसता ‘तुम्ही’चा आकडा हा क्रम दाखवू शकत नाही. परिच्छेदांना क्रमांक द्या आणि ‘कुंपण’, ‘पळवाट’, ‘प्रतिमा’, ‘मुदत’, ‘सुटका’ अशा खुणा ओळीनं लावून पाहा. शेवटी म्हातारे, तरुण आणि मुलं असे गट पाडून तो वेगवेगळ्यांना हाक मारतो, तो भागही स्वतंत्र धरा.

टाळकरी: माझ्याकडे वारकरी कीर्तनांची काही ध्वनिमुद्रणं आहेत, त्यांना हेच लावून पाहतोय. आमच्याकडे अडचण दुप्पट. ‘ऐका’, ‘सांगा बरं’, ‘विसरू नका’ यांत सर्वनामच नाही, म्हणून क्रियापदं धरावी लागतात. ‘आपण’ कधी सगळ्यांना धरून येतं, कधी आदरानं समोरच्यालाच. आणि बुवा ‘आम्ही जातो आपुल्या गावा’ म्हणतात तेव्हा ‘आम्ही’ तुकोबांचा की बुवांचा? मुळात इंग्रजी प्रवचन घ्यायचं कशाला, कीर्तनच घ्या ना!

मोडीवाला: टाळकरी, प्रश्न कोणतं प्रवचन घ्यावं हा नाही. पण तुमची अडचण नवव्या मुद्द्यातल्या ‘मी’सारखीच आहे. अभंगाचं चरण चालू असताना ‘आम्ही’ तुकोबांच्या नावे धरा, निरूपण सुरू झालं की बुवांच्या. दोघांनी वेगवेगळं बसून मजकुराच्या एक पंचमांशावर खुणा लावाव्यात आणि ताडून पाहावं. ‘आपण’वर मतभेद जास्त निघाले तर नियम पुन्हा लिहावा लागेल. टाळांचा ठेका आणि गजर कुठे येतो याचा वेगळा रकाना ठेवा, नाहीतर श्रोत्यांचं उत्तर हिशेबातून निसटेल.

दगडूशेठ_नव्हे: मला मात्र मजकुरातून प्रभाव काढणंच पटत नाही. हेच प्रवचन एडवर्ड्सनं जून १७४१ मध्ये आपल्या नॉर्दॅम्प्टनच्या मंडळीपुढे केलं होतं, तिथे असा आक्रोश झाल्याची नोंद नाही. एन्फिल्डला मात्र लाँगमेडोचा पाद्री स्टीफन विल्यम्स हजर होता आणि त्यानं रोजनिशीत लिहिलंय की प्रवचन संपायच्या आतच प्रार्थनाघरभर कण्हणं, रडणं सुरू झालं आणि बोलणाऱ्याला थांबावं लागलं. शब्द तेच, परिणाम वेगळा. मग परिणाम शब्दांचा कसा?

आकडेमोड: ‘शब्द तेच’ हे तुम्ही गृहीत धरताय. एन्फिल्डसाठी वाक्यं बदलली असतील. छापील पाठात शेजारच्या सफील्ड गावाचं नाव आहे: तिथले लोक रोज ख्रिस्ताकडे धावतायत, तुमचे आत्मे त्यांच्याइतके मोलाचे नाहीत का? शेजारगावाशी तुलना हा सरळ दबाव आहे, आणि तो मजकुरातच सापडतो. परिस्थिती आणि मजकूर तुम्ही म्हणता तितके वेगळे नाहीत. ‘मी’बद्दल मात्र मोडीवाल्यांचं मान्य.

मोडीवाला: सफील्डचा मुद्दा पक्का, सायलीनं तो घ्यावाच. दगडूशेठ, नॉर्दॅम्प्टनची तुलना वाटते तितकी स्वच्छ नाही. ती मंडळी एडवर्ड्सला दहा वर्षांहून जास्त काळ ऐकत होती आणि १७३४-३५ मध्ये तिथे धर्मजागृतीची एक लाट येऊन गेली होती. सवयीच्या कानांवर तोच ‘तुम्ही’ बोथट पडू शकतो. पण तुमच्या आक्षेपामुळे दावा छोटा करावा लागतो, आणि तो करावा. ‘श्रोते या वळणानं हादरले’ असं लिहू नका. ‘मजकूर श्रोत्याला कोणत्या क्रमानं कोंडीत आणतो’ एवढंच म्हणा. आणखी एक अडचण: विल्यम्सच्या नोंदीप्रमाणे प्रवचन मध्येच थांबलं, मग तरुण आणि मुलांना हाक मारणारा शेवट एन्फिल्डला ऐकू गेला का? १७४१ मध्येच बोस्टनला छापलेल्या प्रतीत तो आहे. छापील प्रत वाचणाऱ्यांसाठी असते, हे पद्धतीच्या भागात पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका.

सायली_वाचते: म्हणजे श्रोता आणि वाचक असे दोन वेगळे संबोधित धरायचे? मग सफील्डचं वाक्य बोस्टनच्या वाचकाला काय करतं?

दगडूशेठ_नव्हे: त्याच्यावर दबाव येत नाही, त्याला बातमी मिळते. मुखपृष्ठावरच छापलंय की हे मोठ्या जागृतीच्या काळात सांगितलं आणि अनेक श्रोत्यांवर विलक्षण परिणाम झाला. वाचक आधी परिणाम वाचतो, मग प्रवचन.

मोडीवाला: हे मला पूर्ण पटत नाही. खेड्यातली जागृती वाचून बोस्टनच्या माणसाला ‘आपणच मागे राहिलो’ असं वाटू शकतं, तोही दबावच. हस्तलिखित येल विद्यापीठात आहे, ते छापील पाठाशी ताडल्याशिवाय यावर कोणी ठाम बोलू नये.