"सिमलिंक फिरवली की झालं": मागची आवृत्ती तयार ठेवण्यावरून पेटलेला धागा

पुढेच_जाणारा (मूळ पोस्ट)
चेंज फॉर्ममध्ये "रोलबॅक प्लॅन" हा रकाना कशासाठी असतो? मागचं रिलीज सर्व्हरवर पडलेलंच असतं, चालू रिलीजकडे बोट दाखवणारी सिमलिंक फिरवली की दोन सेकंदांत परत. एवढ्यासाठी पानभर निबंध लिहून मॅनेजरची सही घ्यायची? आणि खरं सांगायचं तर मागे जायची वेळच येऊ नये, पुढे जाऊन दुरुस्त करावं.

रात्रपाळी
दोन सेकंदांत परत येतो तो कोड. डेटाबेस कसा परत येतो तेही लिहायचं होतंत. पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून लांब लिहितोय.

बस बुकिंगची एक साइट मी सांभाळायचो. नव्या रिलीजमध्ये `bookings` टेबलात जुन्या `boarding`च्या जोडीला `pickup_point` हा कॉलम आला. मायग्रेशन तसं नीट लिहिलेलं: आधी रिकामा चालेल असा कॉलम, मग जुन्या ओळींमध्ये व्हॅल्यू भरली, शेवटी `SET NOT NULL`. काही पुसलं नाही, कशाचं नाव बदललं नाही. सगळ्यांचं एकच म्हणणं, "फक्त वाढवलंय, मागे जायला काय अडचण?"

रिलीजनंतर भाड्याची बेरीज चुकायला लागली. सिमलिंक मागे फिरवली. होम पेज उघडतंय, बसची यादी दिसतेय, हेल्थ चेक हिरवा. मंडळी चहाला गेली. इकडे बुकिंग एकही होईना, कारण जुन्या कोडला हा कॉलम माहीतच नाही. त्याच्या `INSERT`मध्ये तो नसायचा आणि पोस्टग्रेस प्रत्येक वेळी हे फेकायचा:

```
ERROR: null value in column "pickup_point" of relation "bookings"
violates not-null constraint
```

इलाज एका ओळीचा होता:

```sql
ALTER TABLE bookings ALTER COLUMN pickup_point DROP NOT NULL;
```

पण ती ओळ सुचायला आधी कळायला हवं ना की काही बिघडलंय. ते कळलं कॉल सेंटरवरून. हेल्थ चेक फक्त पान उघडतंय का ते बघत होता. मिनिटाला किती बुकिंग होतायत हा आलेख कोणी लावलाच नव्हता.

म्हणून माझ्या लेखी मागचं रिलीज "तयार" कधी? तो कोड आजच्या डेटाबेसवर चालतो हे आधी बघितलेलं असेल तेव्हा. स्टेजिंगवर नवं मायग्रेशन चालवायचं, त्यावर मुद्दाम जुना कोड लावायचा, आणि एक बुकिंग, एक रद्द, एक रिफंड करून बघायचं. हे केलं असतं तर पहिल्याच बुकिंगला कळलं असतं. आणि `NOT NULL`ची जागा पुढच्या रिलीजमध्ये, म्हणजे तो कॉलम न भरणाऱ्या कोडवर परत जायची शक्यता संपल्यावर. चेंज फॉर्मच्या रकान्यात हेच लिहायचं असतं. सिमलिंक कशी फिरवायची हे कोणी विचारत नाही.

पुढेच_जाणारा
म्हणजे मायग्रेशन तुमचं चुकलं आणि शिव्या सिमलिंकला. छान. आणि बहुतेक फ्रेमवर्कमध्ये `down` मायग्रेशन असतं, ते चालवलं असतं तर? कॉलम गेला, जुना कोड खूश, विषय संपला.

रात्रपाळी
कॉलम गेला आणि त्याबरोबर मधल्या वेळात ज्यांनी तिकीट काढलं त्यांचे पिकअप पॉइंटही गेले. ते प्रवासी सकाळी कोणत्या चौकात उभे राहणार? `down` लॅपटॉपवर खेळायला ठीक आहे. प्रॉडवर लोकांनी खरा डेटा भरल्यानंतर `down` म्हणजे डेटा पुसणं.

सिसॅडमिन_काका
दोघंही सिमलिंकबद्दल इतक्या खात्रीने बोलताय, तर तिथेही गोम आहे. जुन्या लिनक्सवर `ln -sfn` आधी जुनी लिंक काढतं आणि मग नवी टाकतं. मधल्या क्षणी आलेल्या रिक्वेस्टला `current` सापडतच नाही. नीट करायचं तर शेजारी नवी लिंक बनवून नाव बदला, ते एका फटक्यात होतं:

```
ln -s /srv/app/releases/0412 /srv/app/current.tmp
mv -T /srv/app/current.tmp /srv/app/current
```

पीएचपी असेल तर अजून एक. एनजिनेक्समध्ये `$document_root` दिलं असेल तर ऑपकॅशला मार्ग तोच दिसतो आणि लिंक फिरवूनही तो नवाच कोड चालवत बसू शकतो. `$realpath_root` द्या. आणि क्यूचे वर्कर? ते चालू प्रोसेस आहेत, मेमरीत जो कोड आहे तोच चालवणार. रीस्टार्ट केले नाहीत तर वेब जुनं, वर्कर नवे. हे आमच्याकडच्या पोरांना दरवेळी सांगावं लागतं आणि दरवेळी ते "हो काका" म्हणतात.

अँड्रॉइड_वाली
पण ॲपची मागची आवृत्ती परत टाकताच येत नाही ना? प्ले स्टोअर कमी `versionCode` घेतच नाही. आम्ही टप्प्याटप्प्याने सोडतो आणि गडबड दिसली की थांबवतो, पण ज्यांच्या फोनवर गेली त्यांच्याकडे ती राहतेच. शेवटी जुनाच कोड वाढीव नंबर देऊन परत सोडावा लागतो.

रात्रपाळी
ताई, इथे सर्व्हरबद्दल चाललंय. पण तुमच्यामुळे एक आठवलं. ॲप नवं आणि सर्व्हर मागे गेलेला, अशी जोडीही होते. नवं ॲप `pickup_point` पाठवत राहणार आणि अनोळखी फील्ड आलं की जुना सर्व्हर ४०० देत असेल तर तिथेही बोंब.

पुढेच_जाणारा
बघा, म्हणजे मागे जाणं जास्त धोक्याचं हे तुम्हीच सिद्ध करताय. अमेरिकेतली शेअर ब्रोकर कंपनी नाइट कॅपिटल आठवा. १ ऑगस्ट २०१२. रोलबॅक केला आणि कंपनी बुडायची वेळ आली.

शेअरबाजारी
अर्धवट सांगू नका. आठ सर्व्हर होते, सातांवर नवा कोड गेला, एकावर टाकायचा राहिला. नव्या कोडने एक जुना फ्लॅग दुसऱ्या कामासाठी वापरला होता. त्याच फ्लॅगने जुन्या कोडमध्ये पॉवर पेग नावाचं २००३ पासून बंद पडलेलं प्रकरण जागं व्हायचं. बाजार उघडला आणि आठवा सर्व्हर वेड्यासारख्या ऑर्डरी सोडायला लागला. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान.

पुढेच_जाणारा
आणि मधे काय केलं ते का गाळलंत? सातही सर्व्हरवरून नवा कोड काढला. मग आठही वेडे झाले. हाच तर रोलबॅक!

शेअरबाजारी
कोड मागे नेला, पण येणाऱ्या ऑर्डरींमधला फ्लॅग चालूच ठेवला. अर्धा रोलबॅक हा रोलबॅक नसतो. रात्रपाळींच्या कॉलमसारखंच आहे, फक्त इथे पैसे जास्त. शिवाय बाजार उघडण्याआधी यंत्रणेने आपोआप ९७ ईमेल पाठवले होते, कोणी त्यांच्याकडे इशारा म्हणून बघितलंच नाही. हे सगळं अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या, एसईसीच्या, २०१३ च्या आदेशात आहे, त्यात १ कोटी २० लाख डॉलर दंडही झाला.

पुढेच_जाणारा
मग काय करायला हवं होतं? पुढे जाऊन आठव्यावर नवा कोड टाकला असता तर थांबलं असतं. म्हणजे माझंच बरोबर.

सिसॅडमिन_काका
आठवा वेगळा आहे हे त्या क्षणी माहीत असतं तर ना! आधी ऑर्डरी बंद करायच्या, मग शोधायचं. दुकानाचं शटर ओढायचं बटण रोलबॅकच्याही आधी हवं. आणि कुठल्या सर्व्हरवर कुठलं रिलीज आहे हे एका कमांडमध्ये दिसायला हवं. आम्ही `/version` ठेवतो, रिलीजचा नंबर परत देतो. फुकटचं काम आहे.

शेअरबाजारी
शटर हा शब्द मान्य. पण बाजार चालू असताना शटर कोण ओढणार? हात कोणाचा, सही कोणाची? तिथेच तर वेळ जातो.

शुक्रवार_नको
सगळे मोठमोठं बोलताय, पण रिलीज शुक्रवारी रात्री का ठेवतात यावर कोणी बोलणार आहे का? क्लायंट तिकडे जेवायला जातो म्हणून आम्ही इकडे जागायचं. सिमलिंक कोण फिरवणार? मीच. कॉम्प-ऑफ मागितला तर "टीम प्लेअर व्हा". रोलबॅक प्लॅनमध्ये माणसाची झोप पण लिहा.

पुढेच_जाणारा
यांच्याशी मी शंभर टक्के सहमत. धाग्यातली पहिली कामाची कमेंट.

रात्रपाळी
विनोद नाही, मुद्दा रास्त आहे. मागे जायचं की नाही हे पहाटे तीनला पेंगणाऱ्या माणसाने ठरवायचं नसतं. आधीच लिहून ठेवा: बुकिंगचा दर नेहमीच्या निम्म्यावर आला आणि दहा मिनिटांत कारण सापडलं नाही, तर कोणाला न विचारता मागे. आकडा आपापल्या धंद्याप्रमाणे बदला. नाहीतर प्रत्येक जण "अजून पाच मिनिटं, सापडलंच" म्हणत तासभर घालवतो.

नवीन_लागलेली
मला एक कळलं नाही. `NOT NULL` काढलं तरी नव्या कोडने काढलेली तिकिटं जुना कोड नीट दाखवेल का? तो जुना `boarding` कॉलमच वाचणार ना, आणि नव्या कोडने तो भरणं सोडलं असेल तर?

रात्रपाळी
या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. नाही दाखवणार. तिकिटावर चढण्याची जागा कोरी छापली जाईल आणि एररही येणार नाही. म्हणून नव्या कोडने निदान एका रिलीजपुरते दोन्ही कॉलम भरायचे. वाचायचा नवा, पण जुनाही भरत राहायचा.

पुढेच_जाणारा
आणि तो जुना कॉलम नंतर काढणार कोण? आमच्या टेबलात असे "एका रिलीजपुरते" कॉलम कित्येक आहेत, ज्यांनी टाकले ते नोकरी सोडून गेले. तुमच्या सुरक्षिततेचा कचरा आमच्या अंगणात.

रात्रपाळी
यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. काढण्याचं तिकीट त्याच दिवशी बनवा म्हणतात. बनतं. मग बॅकलॉगमध्ये कुजतं.

पुढेच_जाणारा
चला, एक तरी गोष्ट मान्य केलीत. मग मीही करतो: जुना कोड नव्या डेटाबेसवर एकदा चालवून बघणं अगदीच वेडेपणा नाही. सही मात्र देणार नाही.

नवीन_लागलेली
अजून एक. आमच्याकडे दिवसाला चार-पाच रिलीज होतात. मग "मागचं" म्हणजे कितवं?

सिसॅडमिन_काका
रिलीज टाकायचं टूल कॅपिस्ट्रानो सवयीने शेवटची पाचच रिलीज ठेवतं. दिवसात पाच केलीत तर कालचं चांगलं रिलीज संध्याकाळपर्यंत डिस्कवरून गायब. मोजून ठेवू नका. जे रात्रभर नीट चाललं त्याला खूण करा आणि ते साफसफाईतून वगळा.

रात्रपाळी
काका, पण कालच्यापर्यंत जायचं तर मधल्या पाचही मायग्रेशनवर तो कोड चालायला हवा. हे कोण तपासतं? मी तर एकच पाऊल मागे जायची हमी देतो, त्याहून मागे नाही.

सिसॅडमिन_काका
एकाच पावलाने भागत नाही हो. बिघाड सकाळच्या रिलीजचा असतो आणि कळतो संध्याकाळी.