x लहान म्हणजे किती लहान?

"R त्रिज्येच्या +Q भाराच्या कड्याच्या अक्षावर, केंद्रापासून x अंतरावर सोडलेला m वस्तुमानाचा −q भार x लहान असेल तर एसएचएम करतो हे पटलं, पण लहान म्हणजे नेमकं किती?"

R च्या दहाव्या भागापर्यंत बिनधास्त वापरा. बल kQqx/(R²+x²)^(3/2) आहे. छेदातला x² सोडला की T = 2π√(mR³/kQq) मिळतं. सोडला नाही, तर बल थोडं कमी पडतं आणि आवर्तकाल वाढतो, साधारण 1 + 9A²/16R² पटीने, A हा आयाम धरून. A = R/10 असेल तर फरक जेमतेम अर्धा टक्का. R/2 ला मात्र तो चौदा टक्क्यांच्या घरात जातो, तिथे सूत्र विसरा.

पण खरी गोम वेगळीच आहे. अक्षावर जे बल ऋण भाराला केंद्राकडे ओढतं, त्याच्या निम्म्या जोराचं बल अक्षापासून जरा सरकलेल्या भाराला बाहेर, कड्याकडे खेचतं. मोकळ्या जागेत स्थिर विद्युतक्षेत्र भाराला सगळ्या दिशांनी सावरूच शकत नाही (अर्नशॉचा सिद्धांत). R = 10 सेमी, दोन्ही भार 1 मायक्रोकूलॉम, वस्तुमान 1 ग्रॅम घेतलं तर T सुमारे 0.066 सेकंद येतो; गुरुत्व सोडून दिलंय. आता भार अक्षापासून फक्त 0.1 मिमी बाजूला ठेवून सोडा. एका आवर्तनात ही चूक 42 पट होते, म्हणजे 4 मिमीच्या वर. दुसरं आवर्तन पुरं व्हायच्या आत तो कड्यावर आदळणार! म्हणूनच गणितात "अक्षावरच राहील असा", म्हणजे गुळगुळीत तारेत ओवलेला मणी, ही अट हवी.