घनांची बेरीज वर्गच का होते? इंडक्शनला ‘कारण’ म्हणायचं का?

उंबरठा: १ + ८ + २७ + ६४ = १०० आणि (१ + २ + ३ + ४)² सुद्धा १००. अकरावीत हे इंडक्शनने सिद्ध केलं, एकेक पायरी पटली. पण घनांचा आणि बेरजेच्या वर्गाचा मुळात संबंध काय, ते तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. की इंडक्शन हेच कारण मानायचं आणि गप्प बसायचं?

ठाम: हो, तेच कारण मानायचं. पहिल्या संख्येला खरं आहे आणि एका पायरीला खरं असेल तर पुढच्या पायरीलाही खरं ठरतं, याहून वेगळं ‘का’ गणितात नसतं. चित्रं काढून समाधान वाटतं हे मान्य, पण समाधान वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. चित्र चार-पाच पायऱ्यांचंच असतं, n पायऱ्यांचं कोणी काढू शकत नाही.

मावळती: ठाम, पुराव्याबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण उंबरठा यांनी पुरावा मागितलेलाच नाही. इंडक्शन करायला उत्तर आधी हातात असावं लागतं, आणि ते कुठून आलं हे इंडक्शन सांगत नाही.

कारण पाढ्यांच्या तक्त्यात आहे. चारपर्यंतचा तक्ता मांडा:

१ २ ३ ४
२ ४ ६ ८
३ ६ ९ १२
४ ८ १२ १६

यातल्या सगळ्या सोळा आकड्यांची बेरीज दोन तऱ्हांनी करू. आधी ओळीने. पहिली ओळ १ + २ + ३ + ४, दुसरी तिच्या दुप्पट, तिसरी तिप्पट, चौथी चौपट. म्हणजे एकूण (१ + २ + ३ + ४) गुणिले (१ + २ + ३ + ४). वर्ग इथून येतो.

आता तोच तक्ता वरच्या डाव्या कोपऱ्यापासून काटकोनी पट्ट्यांत मोजा. पहिल्या पट्ट्यात फक्त १. दुसऱ्यात २, ४, २ म्हणजे ८. तिसऱ्यात ३, ६, ९, ६, ३ म्हणजे २७. चौथ्यात ४, ८, १२, १६, १२, ८, ४ म्हणजे ६४. घन असे का आले? चौथ्या पट्ट्यातला प्रत्येक आकडा चारने भागला जातो. चार बाहेर काढले की १ + २ + ३ + ४ + ३ + २ + १ उरतं. चारपर्यंत चढून पुन्हा उतरायचं, ही बेरीज १६, म्हणजे चारचा वर्ग. चार गुणिले चारचा वर्ग, झाला घन. कुठल्याही k साठी हेच होतं, म्हणून चित्र चारचं काढलं तरी युक्तिवाद चारपुरता नाही.

चढून उतरण्याची बेरीज वर्गच का येते, हे एवढंच पटवून घ्यायचं राहतं. १ ते ४ ही एक त्रिकोणी संख्या, १० आणि १ ते ३ ही तिच्या मागची, ६. लागोपाठच्या दोन त्रिकोणी संख्या जोडल्या की ठिपक्यांचा चौकोन होतो. माझ्या मते सगळं मर्म त्या जोडणीत आहे. आर्यभटाने ४९९ साली ‘चितिवर्गो घनचितिघनश्च’ एवढ्या शब्दांत नियम सांगितला, कारण दिलं नाही.

फरशीकाम: मला हे प्रत्यक्षात करायचं आहे म्हणून विचारतो. अंगण १० फूट बाय १० फूट. शहाबादी फरशी कापून १ फुटाची एक, २ फुटांच्या दोन, ३ फुटांच्या तीन आणि ४ फुटांच्या चार अशा चौकोनी लाद्या केल्या तर क्षेत्रफळ बरोबर १०० चौरस फूट भरतं. मग लाद्या बसायलाच हव्यात ना? तुमच्यासारख्याच काटकोनी पट्ट्यांत कागदावर मांडून पाहिलं. तीनच्या लाद्या सुरेख बसतात. दोनच्या आणि चारच्या लाद्यांना मात्र प्रत्येकी एक लादी मधोमध कापावी लागते. आकडा चुकला का?

मावळती: आकडा बरोबर आहे. चारचा पट्टा लावताना आतला चौकोन ६ फुटांचा झालेला असतो. म्हणून पट्ट्याच्या प्रत्येक हाताला ६ बाय ४ जागा मिळते, म्हणजे दीड लादी. दोन हातांच्या मिळून तीन, कोपऱ्यात एक, एकूण चार. पट्टा सम असला की अशी अर्धी लादी राहतेच, विषम असला की राहत नाही.

क्षेत्रफळ जुळलं म्हणजे लाद्या न कापता बसतील असं नाही. एक १ ची, दोन २ च्या अशा n पर्यंतच्या लाद्या न कापता एका चौकोनात बसवायच्या, हे रॉबर्ट वेनराइट यांचं कोडं आहे. n = १ सोडलं तर ते पहिल्यांदा जमतं n = ८ ला, ३६ बाय ३६ च्या चौकोनात. त्यामुळे तुमच्या १० बाय १० मध्ये, कशीही मांडणी केलीत तरी, कापावं लागणारच.

ठाम: बघा, हाच माझा मुद्दा. लाद्या बसत नाहीत तरी समीकरण खरंच राहतं. म्हणजे कारण चित्रात नाही, दोन वर्गांच्या फरकात आहे. १०० − ३६ = (१० − ६)(१० + ६) = ४ × १६. इंडक्शनची पायरी हीच.

मावळती: आणि त्यातला १६ म्हणजे १० + ६, तेच दोन त्रिकोण. तुमची पायरी आणि माझा पट्टा एकच आहेत. फक्त शाळेत ती पायरी कंस सोडवून, सगळं विस्तारून करतात आणि त्यात हा १६ दिसेनासा होतो.

सरळरेषा: यात एवढं काय? विषम घातांना हे नेहमीच होतं. पहिल्या घाताला बेरीज, तिसऱ्याला बेरजेचा वर्ग, पाचव्याला बेरजेचा घन.

ठाम: करून बघा. १ + ३२ = ३३, आणि ३ चा घन २७.

मावळती: घन येत नाही, पण सरळरेषा यांचं अर्धं बरोबर आहे. बेरजेला T म्हटलं तर पाचव्या घातांची बेरीज (४T³ − T²) ÷ ३ येते. T = ३ ठेवा, (१०८ − ९) ÷ ३ = ३३. विषम घातांच्या बेरजा T मध्येच लिहिता येतात हे खरं. पण नुसता एक घात उरून बाकी काहीच नाही, हे तिसऱ्यानंतर पुन्हा होत नाही.

उंबरठा: तक्त्याने बरंच उलगडलं. पण १, २, ३ याच संख्या का? दुसरी एखादी यादी चालणार नाही का?

ठाम: प्रत्येक पायरीला चालायला हवी असेल तर नाही. आतापर्यंतची बेरीज S आणि पुढची धन संख्या a धरा. a³ = (S + a)² − S² = a(२S + a). a ने भागलं की a² − a = २S. S = ० असताना a = १ येतो. S = १ ला a(a − १) = २, म्हणजे २. S = ३ ला a(a − १) = ६, म्हणजे ३. दर वेळी धन उत्तर एकच, निवडीला जागाच नाही. हे तुमच्या तक्त्यातून दिसत नाही, बीजगणितातूनच दिसतं.

मावळती: हे मान्य. पण प्रत्येक पायरीची अट काढली तर इतर याद्या आहेत. ६ चे विभाजक १, २, ३, ६. त्या प्रत्येकाला किती विभाजक आहेत ते मोजा: १, २, २, ४. घनांची बेरीज १ + ८ + ८ + ६४ = ८१, बेरीज ९. कुठलीही संख्या घेतली तरी जुळतं, हे लिउव्हिल यांचं.

ठाम: ती यादी म्हणजे (१, २) गुणिले (१, २). दोन जुळणाऱ्या याद्यांचा गुणाकारही जुळतो. ते नवं कारण नव्हे, जुन्याचाच परिणाम आहे.

मावळती: विभाजकांच्या याद्यांपुरतं तसं म्हणता येईल. पण ३, ३, ३ घ्या. घनांची बेरीज ८१, बेरीज ९. हिचे घटक पाडून १ पासूनच्या याद्या निघत नाहीत. हिला तुमचं कारण लागत नाही आणि माझा तक्ताही.